ताप उतरला आणि पुरळ आलं: गोवर, डेंग्यू, ॲलर्जी की आणखी काही?

प्रश्न: माझा मुलगा १४ महिन्यांचा आहे, वजन ९ किलो. रविवारी दुपारपासून ताप होता, १०३ पर्यंत जायचा. जवळच्या दवाखान्यातून पॅरासिटामॉल दिलं, मंगळवारपासून अमॉक्सिसिलिनही सुरू केलं. आज बुधवारी पहाटे ताप उतरला आणि दुपारी आंघोळ घालताना पोटावर, पाठीवर बारीक लालसर पुरळ दिसलं. सर्दी थोडीशी आहे. सासूबाई म्हणतात गोवर निघालाय, औषधं बंद कर. नवरा म्हणतो औषधाची ॲलर्जी आहे. आमच्या बिल्डिंगमध्ये दोघांना डेंग्यू झालाय. नवव्या महिन्यात गोवराची लस दिली आहे. नेमकं काय असेल आणि काय करू?

उत्तर: आधी थोडक्यात सांगते, मग कारणं. तुम्ही लिहिलंय त्यावरून रोझिओला हा साधा विषाणूचा ताप असण्याची शक्यता सगळ्यात जास्त वाटते. गोवर असण्याची शक्यता कमी आहे, औषधाची ॲलर्जी असण्याची त्याहून कमी. डेंग्यू मात्र नुसत्या वर्णनावरून बाजूला ठेवता येत नाही, आणि बिल्डिंगमध्ये रुग्ण असताना तर नाहीच. म्हणून आजच बालरोगतज्ज्ञांना दाखवा, रक्ताची एक साधी तपासणी करून घ्या, आणि पुढचे दोन दिवस बाळाकडे कसं बघायचं ते खाली लिहिलंय तसं बघा.

पुरळ बघून रोग ओळखतात असा सर्वसाधारण समज आहे. खरं तर बरेचसे पुरळ दिसायला सारखेच असतात. बारीक, लालसर, थोडे उंचावलेले ठिपके गोवरात येतात, रोझिओलात येतात, डेंग्यूत येतात, आणि नावही ठेवलेलं नाही अशा कितीतरी विषाणूंच्या तापात येतात. फोटो पाठवून "हे काय आहे?" असं विचारणाऱ्या पालकांना मी उलट विचारते, ताप कितव्या दिवशी होता तेव्हा पुरळ आलं, आणि पुरळ आल्यावर तापाचं काय झालं? निदान बहुतेक वेळा या दोन उत्तरांत दडलेलं असतं. वैद्यकीय महाविद्यालयात आम्हाला पुरळाचा दिवस पाठच करायला लावायचे: कांजिण्या पहिल्या दिवशी, स्कार्लेट फिव्हर दुसऱ्या, देवी तिसऱ्या, गोवर चौथ्या, टायफस पाचव्या. देवीचा रोग भारतातून १९७५ मध्ये गेला, बाकीची यादी आजही उपयोगी पडते. घड्याळ लावल्यासारखं मोजून कुठलाच आजार येत नाही, एखादा दिवस इकडेतिकडे होतो, पण क्रम सहसा मोडत नाही.

तुमच्या बाळाचा क्रम असा आहे: जवळजवळ तीन दिवस चढा ताप, मग तो एकदम उतरणं, आणि उतरल्यानंतर काही तासांत धडावर पुरळ. रोझिओला नेमका असाच वागतो. सहा महिने ते दोन वर्षं या वयातल्या मुलांना तो होतो आणि तीन ते पाच दिवस ताप राहतो. ताप १०३-१०४ पर्यंत चढतो, पण ताप खाली असतो तेव्हा मूल बऱ्यापैकी खेळतं, दूध पितं. म्हणून डॉक्टरही गोंधळतात. घसा फार लाल नाही, छाती स्वच्छ आहे, मग एवढा ताप कशाचा? चौथ्या दिवशी ताप अचानक जातो, पोटा-पाठीवर गुलाबी ठिपके उमटतात, मान आणि हातांकडे थोडे पसरतात, खाजत नाहीत, आणि एक ते तीन दिवसांत डाग न ठेवता निघून जातात. डोक्याच्या मागच्या बाजूला, मानेच्या वर, हरभऱ्याएवढ्या गाठी हाताला लागू शकतात. पापण्या किंचित सुजल्यासारख्या दिसतात. पुरळ आल्यावर एक-दोन दिवस बाळ विनाकारण किरकिरतं, कडेवरून उतरत नाही. हा त्रासही या आजाराचाच भाग आहे. तुमचं बाळ आता किरकिर करत असेल, तर तेवढ्यावरून आजार वाढला असं समजू नका.

हा विषाणू बाळाला कुठून मिळाला असेल हा प्रश्न आया नेहमी विचारतात, आणि त्यामागे एक अपराधी भावना असते. घरातल्या निरोगी मोठ्या माणसांच्या थुंकीतून तो अधूनमधून बाहेर पडत असतो, आणि जवळपास सगळ्याच मुलांना दोन-तीन वर्षांच्या आत त्याची लागण होऊन जाते. कुणाचंही काही चुकलेलं नसतं.

आता गोवराकडे येऊ. सासूबाईंची शंका सहज झटकून टाकण्यासारखी नाही. त्यांच्या पिढीने गोवर पाहिलेला आहे, आणि तो गेलेला नाही. २०२२ च्या शेवटी मुंबईत, विशेषतः गोवंडीच्या भागात, गोवराची मोठी साथ आली आणि मुलं दगावली. कोविडच्या काळात राहून गेलेल्या लसी हे त्यामागचं एक मोठं कारण होतं. पण गोवराची चाल वेगळी आहे. त्यात पहिले तीन-चार दिवस तापासोबत दणकून खोकला असतो, नाक वाहत असतं, डोळे लाल होऊन पाणावलेले असतात, मूल उजेडाकडे बघायला तयार नसतं. "थोडीशी सर्दी" म्हणावं असं ते चित्र नसतंच. मूल बघताक्षणी आजारी, कोमेजलेलं वाटतं. पुरळ कानामागे आणि कपाळावर केसांच्या कडेला सुरू होतं, मग चेहरा, मान, छाती, पोट असं वरून खाली सरकत दोन-तीन दिवसांत पायांपर्यंत पोचतं.

आणि मुख्य म्हणजे, गोवरात पुरळ येतं तेव्हा ताप चढतो. पुरळाच्या पहिल्या-दुसऱ्या दिवशी तो सगळ्यात जास्त, १०४ पर्यंतसुद्धा जातो. ताप उतरल्यावर पोटावरून सुरू झालेलं पुरळ म्हणजे गोवर नव्हे, असं मी बऱ्याच खात्रीने म्हणू शकते. एक अट मात्र आहे: ताप खरोखर उतरलेला हवा, पॅरासिटामॉलने तात्पुरता खाली आलेला नको. शेवटचा डोस देऊन आठ-दहा तास झाले आणि काखेत थर्मामीटर लावल्यावरही ताप नाही, तरच तो उतरला म्हणायचं. तुम्ही आज किती वाजता शेवटचा डोस दिलात ते लिहिलेलं नाही. हे आधी आठवून बघा, कारण पुढचा सगळा विचार त्यावर उभा आहे.

डॉक्टर तोंडात टॉर्च मारून गालाची आतली बाजू बघतील. गोवरात दाढांच्या समोर, लाल झालेल्या आतल्या त्वचेवर मिठाच्या कणांसारखे बारीक पांढरे ठिपके दिसतात. त्यांना कॉप्लिकचे ठिपके म्हणतात. पुरळाच्या एक-दोन दिवस आधी ते येतात आणि पुरळ पसरू लागलं की लवकरच नाहीसे होतात, म्हणून ते न दिसल्याने गोवर नाही असं ठरत नाही. दिसले तर मात्र गोवरच.

लसीबद्दल थोडं. नवव्या महिन्यातल्या एका डोसने शंभरातल्या साधारण ८५ मुलांना संरक्षण मिळतं. उरलेल्यांना मिळत नाही, म्हणून १६ ते २४ महिन्यांच्या दरम्यान दुसरा डोस असतो. तुमचं बाळ या दोन डोसांच्या मधल्या काळात आहे, त्यामुळे गोवर अशक्य नाही, पण बरंच कमी संभवतं. तरीही डॉक्टरांना गोवराची शंका आली, तर ते आरोग्य विभागाला कळवतील आणि रक्ताचा नमुना पाठवतील. त्याने घाबरू नका. ताप आणि पुरळ असलेलं प्रत्येक संशयित मूल कळवायचं असा आपल्याकडे नियम आहे. पुरळाच्या पहिल्या तीन दिवसांत घेतलेली ही चाचणी कधी कधी खोटी निगेटिव्ह येते, हेही लक्षात असू द्या. गोवर ठरलाच तर एका वर्षावरच्या मुलाला 'अ' जीवनसत्त्वाचे दोन डोस, प्रत्येकी २ लाख युनिट, लागोपाठ दोन दिवस देतात. त्याने डोळ्यांचं नुकसान आणि मृत्यूचा धोका कमी होतो. घरात गरोदर बाई किंवा लहान तान्हं बाळ असेल, तर निदान होईपर्यंत त्यांना या मुलापासून वेगळ्या खोलीत ठेवा, आणि डॉक्टरांना ते आवर्जून सांगा.

आंघोळ, खाणंपिणं यांविषयी घरात मतभेद होणार, म्हणून सांगून ठेवते. उशाशी कडुलिंबाचा पाला ठेवायला माझी काही हरकत नाही. पण गोवर "पूर्ण बाहेर पडू दे" म्हणून बाळाला उबदार कपड्यांत गुंडाळणं, पाणी कमी देणं, औषधं थांबवणं, दवाखान्यात न नेणं, यांनी मुलं दगावलेली आहेत. गोवरात मूल मरतं ते बहुतेक न्यूमोनियाने किंवा जुलाबांनी, आणि दोन्हीवर वेळेत उपचार असतात. कोमट पाण्याने आंघोळ किंवा अंग पुसणं कुठल्याही पुरळात चालतं.

आता डेंग्यू, ज्यासाठी मी तुम्हाला आजच दवाखान्यात जा म्हणते आहे. डेंग्यूतही ताप तीन-चार दिवस चढा राहून एकदम उतरतो, आणि त्यातही अंगावर लाली येते. म्हणजे "ताप गेला, पुरळ आलं" हे वाक्य बालपणीच्या सगळ्यात निरुपद्रवी आजारांपैकी एकालाही लागू पडतं आणि साथीच्या दिवसांतल्या सगळ्यात फसव्या आजारालाही. रोझिओलात ताप उतरला की आजार संपत आलेला असतो. डेंग्यूत धोक्याचा काळ नेमका तेव्हाच सुरू होतो. तापाच्या तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान, ताप उतरताना, रक्तवाहिन्यांमधून रक्तातला पातळ भाग बाहेर झिरपू लागतो. हे एक-दोन दिवस चालतं. बहुतेक मुलांत ते थोडंच असतं आणि आपोआप थांबतं. काही मुलांत मात्र रक्तदाब पडण्यापर्यंत जातं. ताप गेला म्हणून घरचे निर्धास्त होतात आणि मूल शांत पडून आहे म्हणजे झोपलंय असं वाटतं. हे चित्र माझ्या ओळखीचं आहे, म्हणून एवढ्या कळकळीने लिहिते आहे.

पुरळाच्या रूपावरून थोडी मदत होते. डेंग्यूत पहिल्या दोन-तीन दिवसांत चेहरा आणि छाती उन्हाने तापल्यासारखी लाल दिसते. वैशिष्ट्यपूर्ण पुरळ मात्र उशिरा, बहुधा सहाव्या दिवसाच्या आसपास, आजार ओसरताना येतं. पाय आणि हात सलग लाल होतात, त्या लालीत मधेमधे गोल, फिकट जागा शिल्लक राहतात, आणि बऱ्यापैकी खाज सुटते. तुमच्या बाळाचं पुरळ पोटावर आणि पाठीवर चौथ्या दिवशी आलंय, म्हणून ते रोझिओलाच्या बाजूने झुकतं. पण दीड वर्षाच्या आतल्या मुलांत डेंग्यूही पुस्तकाप्रमाणे वागत नाही, म्हणून एवढ्यावर विसंबायचं नाही.

रक्ततपासणी कोणती? एक सीबीसी, म्हणजे पेशींची साधी मोजणी, आणि सोबत डेंग्यूची एनएस-१ चाचणी. एनएस-१ पहिल्या पाच दिवसांत उपयोगी, पण निगेटिव्ह आली म्हणून डेंग्यू नाहीच असं होत नाही. सीबीसीचा कागद हातात आल्यावर सगळ्यांची नजर प्लेटलेटवर जाते. मी आधी हिमॅटोक्रिट बघते, काही प्रयोगशाळा त्याला पीसीव्ही लिहितात. रक्तातला पातळ भाग झिरपला की उरलेलं रक्त घट्ट होतं आणि हा आकडा वाढतो. आज ३३ आणि उद्या ३९ दिसला, तर प्लेटलेट बऱ्या असल्या तरी मला काळजी वाटेल. उलट प्लेटलेट ९० हजारांवर आल्या, पण हिमॅटोक्रिट जागच्या जागी आणि बाळ दूध पितंय, खेळतंय, तर मी धीर देईन. म्हणूनच एकच तपासणी पुरत नाही. आजची आणि उद्याची, दोन आकडे शेजारी ठेवून बघावे लागतात. पांढऱ्या पेशी कमी दिसल्या तर त्यावरून लगेच डेंग्यू ठरवू नका. रोझिओलातही त्या कमी होतात, प्लेटलेटही थोड्या उतरू शकतात.

घरी बघायचं ते यंत्राशिवाय बघता येतं. लघवी हा सगळ्यात विश्वासाचा मापक आहे: दर सहा तासांत एकदा तरी डायपर किंवा लंगोट नीट ओला झाला पाहिजे. तळपाय आणि तळहात उबदार आहेत का ते बघा. पोट गरम आणि पाय थंडगार असतील तर ते चांगलं नाही. हाताच्या बोटाचं नख किंवा तळपाय पाच सेकंद दाबून सोडा. दोन सेकंदांत रंग परत आला पाहिजे. सतत उलट्या, पोट फुगणं किंवा हात लावला की रडणं, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, काळी शी, विचित्र सुस्ती, किंवा कुशीत घेऊनही शांत न होणारं रडणं, यातलं एकही दिसलं तर उद्याच्या तपासणीची वाट न बघता, रात्र असली तरी, मुलांना भरती करून घेणाऱ्या रुग्णालयात जा. ९ किलोच्या बाळाला दिवसभरात सगळं मिळून साधारण ९०० मिली पातळ पदार्थ लागतात. अंगावरचं दूध, पाणी, पेज, वरणाचं पाणी, ओआरएस सगळं त्यातच धरायचं. एकदम प्यायला नको म्हणालं तर दर दोन-चार मिनिटांनी चमच्याने द्या.

पुरळ कुठल्याही आजाराचं असो, एक तपासणी प्रत्येक आईला करता आली पाहिजे. काचेचा पारदर्शक पेला घ्या, त्याची बाजू पुरळावर दाबा आणि काचेतून बघा. ठिपके फिके पडले तर ठीक. दाबूनही तसेच लाल-जांभळे राहिले, तर ते त्वचेखाली झालेले रक्तस्राव असतात. डेंग्यूत ते दिसू शकतात, आणि मेनिंगोकोकस नावाच्या जिवाणूच्या आजारातही. हा आजार दुर्मिळ आहे, पण तो काही तासांत जीव घेतो. तापात असे न विरणारे ठिपके दिसले तर वाट बघायची नाही, सरळ रुग्णालय गाठायचं.

आपल्याकडच्या गव्हाळ आणि सावळ्या मुलांत पुरळ "लाल" दिसेलच असं नाही. ते तपकिरी दिसतं, कधी रंगापेक्षा हाताला खरखरीत लागतं. ट्यूबलाइटखाली तर काहीच कळत नाही. दिवसाच्या उजेडात, खिडकीपाशी बघा, आणि तळहात, तळपाय, खालच्या पापणीची आतली बाजू, तोंडातली टाळू या फिकट जागा आवर्जून तपासा. न विरणारे ठिपके तिथे आधी कळतात.

अमॉक्सिसिलिनचं काय? औषधाचं साधं पुरळ सहसा औषध सुरू झाल्यावर पाच-सात दिवसांनी किंवा त्याहून उशिरा येतं. लगेच येणारी ॲलर्जी वेगळी दिसते: डोस दिल्यावर साधारण तासाभरात खाजणाऱ्या गांधी उठतात, एका जागच्या विरून दुसरीकडे येतात, ओठ किंवा पापण्या सुजतात, क्वचित श्वासाला घरघर लागते. तुमच्या बाळाच्या बाबतीत औषध कालच सुरू झालंय, तुम्ही खाजेचा उल्लेख केलेला नाही, आणि पुरळ ताप उतरल्याबरोबर आलंय. हे ॲलर्जीचं वागणं नाही. रोझिओलात हा गोंधळ पुन्हा पुन्हा होतो. तिसऱ्या दिवशीही ताप उतरत नाही म्हणून अँटिबायोटिक सुरू होतं, चौथ्या दिवशी आजाराचं स्वतःचं पुरळ येतं, आणि बाळाच्या फाइलवर "पेनिसिलिनची ॲलर्जी" असं कायमचं लिहिलं जातं. मग पुढे खरोखर गरज पडेल तेव्हा त्या मुलाला स्वस्त, नेमकं औषध मिळत नाही, महागडं आणि जास्त जहाल औषध दिलं जातं. म्हणून आजच्या पुरळाचे दिवसाच्या उजेडातले फोटो काढून ठेवा, आणि औषधाच्या डोसांच्या वेळा कागदावर लिहून डॉक्टरांना दाखवा. विषाणूचा आजार ठरला तर ते अमॉक्सिसिलिन बंद करतील. कानात किंवा छातीत जंतुसंसर्ग सापडला असेल तर चालू ठेवतील. हा निर्णय त्यांच्यावर सोडा, पण विचारा जरूर.

तापाच्या औषधाबद्दल एक व्यवहारातली गोष्ट. पॅरासिटामॉलचा डोस किलोमागे १५ मिलिग्रॅम, म्हणजे ९ किलोला साधारण १३५ मिलिग्रॅम. बाजारात तीन वेगवेगळ्या ताकदीच्या बाटल्या मिळतात. ५ मिलीत १२० मिलिग्रॅम असेल तर साडेपाच मिली, ५ मिलीत २५० असेल तर सुमारे पावणेतीन मिली, आणि १ मिलीत १०० मिलिग्रॅमचे ड्रॉप्स असतील तर १.३ मिली. बाटली बदलली आणि चमचा तोच राहिला, की डोस दुप्पट होतो. दोन डोसांत सहा तास आणि दिवसात चारपेक्षा जास्त नाही. डेंग्यू नाही असं ठरेपर्यंत आयबुप्रोफेन, मेफेनॅमिक ॲसिड देऊ नका, त्यांनी रक्तस्राव वाढू शकतो. मेफेनॅमिक ॲसिड आपल्याकडे "जोरदार तापाचं औषध" म्हणून सर्रास दिलं जातं, म्हणून मुद्दाम नाव घेतलं. ॲस्पिरिन तर मुलांना स्वतःहून कधीच नको.

बाकीचे दोन नेहमीचे आजार तुमच्या वर्णनात बसत नाहीत, पण ते ओळखायला सोपे आहेत. कांजिण्यांत पहिल्या-दुसऱ्या दिवशीच पुरळ येतं आणि काही तासांत त्यात पाणी धरतं. ताज्या पुळ्या, पाण्याचे फोड आणि खपल्या एकाच वेळी शेजारी-शेजारी दिसतात, डोक्याच्या केसांतसुद्धा. हात-पाय-तोंडाच्या आजारात ताप एक-दोन दिवसच असतो, तोंडात छाले येतात, लाळ गळते, आणि फोड तळहात, तळपाय, गुडघे, ढुंगणावर असतात. २०२२ मध्ये केरळात "टोमॅटो फ्लू" म्हणून गाजला तो हाच आजार. यात महिना-दीड महिन्याने काही मुलांची नखं गळून पडतात, आणि तेव्हा आया घाबरून येतात. नवी नखं आपोआप येतात.

आता समजा, आज रात्री ताप पुन्हा चढला. मग सगळा हिशेब बदलतो. रोझिओलात पुरळ आल्यावर ताप परत येत नाही. ताप आणि पुरळ दोन्ही सोबत पाचव्या दिवसापर्यंत गेले, तर दोन आजारांचा विचार करावाच लागतो, कारण दोन्हींवर नेमका उपचार आहे आणि उशीर महागात पडतो.

एक कावासाकी. यात ताप पाच दिवसांहून जास्त टिकतो, डोळे लाल होतात पण चिपडं धरत नाहीत, ओठ लाल होऊन चिरतात, जीभ लाल आणि खरबरीत दिसते, हात-पाय सुजतात, आणि मूल कमालीचं चिडचिडं होतं. आपल्या मुलांच्या बाबतीत एक खास खूण आहे: डाव्या दंडावरचा बीसीजीचा जुना व्रण अचानक लाल होऊन सुजतो. ही सगळी लक्षणं एकाच दिवशी दिसत नाहीत. सोमवारी दिसलेली डोळ्यांची लाली गुरुवारी गेलेली असते. म्हणून आईने सांगितलेलं आणि मोबाइलमधले फोटो इथे फार कामाला येतात. दहा दिवसांच्या आत शिरेतून इम्युनोग्लोब्युलिन दिलं तर हृदयाच्या रक्तवाहिन्यांना फुगे येण्याचा धोका बराच घटतो. उपचार न मिळालेल्या मुलांत तो चार-पाचांतल्या एकाला असतो.

दुसरा रिकेट्सियाचा ताप. बाळाला गेल्या दोन आठवड्यांत गावी, शेतावर, गवतात किंवा गुरांच्या, कुत्र्याच्या जवळ नेलं होतं का, हे डॉक्टरांना न विचारता सांगा. गोचिडाच्या किंवा तसल्याच बारीक किड्याच्या चाव्याने हा होतो. पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या महिन्यांत कोकणात आणि विदर्भातही तो दिसतो. पुरळ मनगट, घोटे, तळहात, तळपायांवर असतं, आणि काखेत, जांघेत किंवा कानामागे काळी, न दुखणारी खपली सापडू शकते. नेहमीच्या अँटिबायोटिकांनी हा ताप हटत नाही. डॉक्सिसायक्लिन सुरू केलं की बहुतेक दोन दिवसांत उतरतो. लहान मुलांच्या दातांवर डाग पडतात म्हणून हे औषध टाळण्याची जुनी सवय आहे, पण थोड्या दिवसांच्या उपचारात ती भीती धरू नये. या आजारात टाळणंच जास्त घातक ठरतं.

तेव्हा आज संध्याकाळी बाळाला दाखवायला जाताना एका कागदावर एवढं लिहून न्या: ताप सुरू झाल्याची वेळ, प्रत्येक वेळी मोजलेला आकडा, पॅरासिटामॉलचा शेवटचा डोस, पुरळ पहिल्यांदा कुठे दिसलं, दिवसभरात किती वेळा लघवी झाली. आज सीबीसी आणि एनएस-१, उद्या पुन्हा सीबीसी. शुक्रवारपर्यंत ताप आला नाही, दोन्ही हिमॅटोक्रिट सारखे राहिले आणि पुरळ मावळायला लागलं, तर आणखी काही करायला नको. रोझिओला झाला म्हणून पुढची लस लांबवायचीही गरज नाही. १६ महिने पूर्ण झाले की गोवर-रुबेलाचा दुसरा डोस वेळेवर द्या.